आधी काय थांबवायचं?

ऑगस्ट २००७ मध्ये नोकियानं बीएल-५सी बॅटरीबद्दल सूचना काढली. मात्सुशितानं डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनवलेल्या बॅटऱ्या चार्जिंग करताना क्वचित फार तापू शकतात, असा तिचा आशय. पण बॅटरी कधी, कुणी बनवली, हे आमच्या इगतपुरीच्या भाजीवाल्याला कुठून कळणार? मी ती अशी लिहिली असती : ‘धोका बॅटरीचा आहे, फोनचा नाही. फोन बंद करून बॅटरी काढा. तीवर बीएल-५सी नसेल, तर ही सूचना तुमच्यासाठी नाही. असेल, तर चार्जिंग थांबवा. मागचा २६ अक्षरी क्रमांक कंपनीला कळवा. बॅटरी सदोष निघाली, तर फुकट बदलून मिळेल.’ कारण नंतर सांगावं. हाताला काम आधी द्यावं.