मनोगताचं एक पान

दिवाळी उलटली की मुंबईत, कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात मंडळांच्या कबड्डी स्पर्धांचा हंगाम भरात येतो. मैदानावर मॅट अंथरली जाते, बांबूंच्या गॅलऱ्या उभ्या राहतात आणि प्रवेशद्वारापाशी एक कार्यकर्ता स्मरणिका वाटत असतो. तिच्या पहिल्या पानांवर संयोजन समितीचं मनोगत असतं. ‘क्रीडारसिकहो’ अशी साद, मंडळाच्या स्थापनेचं वर्ष, आमदार-नगरसेवकांचे आभार आणि ‘चुकीबद्दल क्षमस्व’ एवढ्या ऐवजावर ते उरकलेलं दिसतं. बहुतेक जण ते न वाचताच पान उलटतात आणि थेट कार्यक्रमपत्रिकेकडे वळतात.

संघ व्यवस्थापक मात्र हे पान वाचतो. त्याला हवं असतं ते एवढंच: आपले सामने कधी, पुढच्या फेरीत जायचा नियम काय आणि तक्रार असेल तर कुणाला भेटायचं. स्वागताच्या मजकुरात ही तीन उत्तरं आली, तर पुढचे कितीतरी वाद मिटतात. पण त्यासाठी लिहिणाऱ्याने लेखणी हाती घेण्याआधी थोडं गणित करायला हवं.

समजा, पुरुष गटाची चार दिवसांची स्पर्धा आहे आणि १६ संघ आहेत. चार-चार संघांचे चार गट पाडले, तर प्रत्येक गटात ६ म्हणजे साखळीचे एकूण २४ सामने होतात. पुढे चार उपउपांत्य, दोन उपांत्य आणि एक अंतिम धरून आकडा ३१ वर जातो. कबड्डीचा पुरुषांचा सामना २० मिनिटांच्या दोन डावांचा असतो, मध्ये ५ मिनिटांची विश्रांती. टाइम-आउट, दुखापत, संघांची ओळख आणि मॅट पुसणं धरलं, की एका सामन्याला तासभर लागतोच. दोन मैदानांवर साडेपाच ते साडेनऊ खेळवलं, तर एका संध्याकाळी आठ सामने होतात आणि तीन दिवसांत साखळी बरोबर संपते.

कागदावर हे नेमकं बसतं, म्हणूनच ते पहिल्या दिवशी कोलमडतं. त्या दिवशी उद्घाटन असतं. मनोगतात ‘सायंकाळी ५ वाजता उद्घाटन, ५:३० वाजता पहिला सामना’ असं छापलेलं असतं. पाहुणे सव्वापाचला येतात, दीपप्रज्वलन, सत्कार आणि भाषणं होऊन साडेसहा वाजतात. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, त्यामुळे शेवटचे दोन सामने एक तर निवेदनाशिवाय होतात किंवा दुसऱ्या दिवसावर ढकलले जातात. बाहेरगावाहून आलेल्या संघाला मग रात्रीच्या गाडीचं आरक्षण रद्द करावं लागतं. जाणते संयोजक पहिल्या दिवशी सामने साडेचारलाच सुरू करतात आणि उद्घाटन पहिल्या दोन सामन्यांनंतर ठेवतात. मनोगतातही तसंच लिहितात, म्हणजे पाहुण्यांनाही वेळ कळते.

त्याहून मोठं भांडण गटातल्या बरोबरीवरून होतं.

एका गटात अ, ब, क आणि ड असे चार संघ आहेत. गटातले पहिले दोन पुढे जाणार आहेत. अ ने ब ला १२ गुणांनी हरवलं, ब ने क ला ३ गुणांनी आणि क ने अ ला ५ गुणांनी. ड तिघांकडूनही हरला: अ कडून १०, ब कडून २० आणि क कडून ८ गुणांनी. विजयाला दोन गुण धरले, तर अ, ब, क तिघांचेही चार-चार गुण होतात. आता सगळ्या सामन्यांतला गुणफरक मोजला, तर अ अधिक १७, ब अधिक ११ आणि क अधिक १० वर येतो. म्हणजे अ आणि ब पुढे, क घरी. पण फक्त या तिघांमधले सामने धरले, तर अ अधिक ७, क अधिक २ आणि ब उणे ९ होतो. आता क पुढे जातो आणि ब घरी.

दोन्ही पद्धती रास्त आहेत. यजमानांनी कोणती धरली, ते आधी छापलं नसेल तर ती रास्त राहत नाही. ब किंवा क यांपैकी एक यजमान मंडळाचाच संघ असला, तर त्या रात्री काय होतं ते कुणीही ओळखेल. म्हणून मनोगतात एक वाक्य पुरतं: ‘साखळीत गुण समान झाल्यास सर्व सामन्यांतील गुणफरकाने क्रम ठरेल; बाद फेरीत बरोबरी झाल्यास पाच-पाच चढाया आणि त्यानंतर सुवर्ण चढाई होईल.’ नियमावलीचं सविस्तर पान पुढे असलं तरी हे वाक्य पहिल्या पानावर हवंच, कारण वाद होतो तेव्हा माणूस पहिलं पानच उघडतो.

इतिहासाचा परिच्छेदही जपून लिहावा लागतो. ‘१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये कबड्डी खेळली गेली’ हे वाक्य कितीतरी स्मरणिकांतून फिरत असतं. प्रत्यक्षात अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. कबड्डी पदकांच्या खेळांत नव्हती. पदकाचा खेळ म्हणून ती १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत आली आणि महिलांची कबड्डी २०१० मध्ये ग्वांगझूला. हे नीट लिहायला फार तर दोन ओळी लागतात.

उरला आभाराचा भाग. इथे लिहिणारा देणगीदारांच्या रकमेच्या क्रमाने नावं लावतो आणि पंचांना ‘तसेच सर्व पंच’ म्हणून गुंडाळतो. एका सामन्याला एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन सहायक गुणलेखक लागतात. दोन मैदानं एकाच वेळी चालू असली, की बारा माणसं झाली. चार संध्याकाळ ती उभी असतात, म्हणून पंचप्रमुखाचं नाव पहिल्या पानावर असायला हवं. तक्रार लेखी आणि संघनायक किंवा व्यवस्थापकानेच त्याच्याकडे द्यायची, हेही तिथेच सांगता येतं.

पाहुण्यांच्या नावांचा मात्र मनोगतात मोह धरू नये. मजकूर छापायला जातो तेव्हा अर्ध्यांचा होकार आलेला नसतो. नावं निमंत्रणपत्रिकेत छापावीत, ती उशिरा छापता येते.

छपाईची एक अडचण तर ठरलेलीच. मजकूर मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप होतो आणि डीटीपीवाला तो आपल्या जुन्या फॉन्टमध्ये रूपांतरित करतो. त्यात ‘दुसऱ्या’, ‘करणाऱ्या’ यांतला अर्धा र हमखास तुटतो, आणि कधी आकडेही गळतात. प्रूफ वाचताना असे शब्द आणि सगळ्या वेळा बोट ठेवून तपासायच्या. पिन मारलेल्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीत असतात. मनोगत एका पानाबाहेर गेलं, तर कुणाची तरी जाहिरात हलते किंवा चार पानं वाढतात. म्हणून अडीचशे शब्दांची मर्यादा पाळलेली बरी.

यंदा ज्याच्या गळ्यात हे काम पडेल, त्याने छापायच्या आधी प्रूफ समितीबाहेरच्या एखाद्या खेळाडूच्या हाती द्यावं आणि तीन प्रश्न विचारावेत: पहिला सामना किती वाजता, तिघांचे गुण सारखे झाले तर पुढे कोण, आणि तक्रार कुणाकडे. एकाही प्रश्नावर तो अडला, तर प्रूफ परत पाठवावं.