तीस दिवसांची अट: वारंगा फाट्यावरच्या एका दुकानाची गोष्ट

वारंगा फाट्यावर किराणा दुकान चालवणाऱ्या आपल्या एका ताईची ही गोष्ट. गेल्या वर्षी तिने बिल काढायचं यंत्र आणि त्याची मोबाईलवरची सेवा घेतली. पहिल्या वर्षाचे १,८०० रुपये भरले. पैसे फोनवरूनच दिले आणि समोर आलेल्या 'ऑटोपे'ला पिन टाकून होकार दिला. करार १४ जुलैला संपणार, मग नको वाटलं तर बंद करू, असं तिने ठरवलं होतं.

१२ जूनला गटाच्या कर्जासाठी कागद काढताना लेखापाल ताईंनी तो करार वाचला. मागच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं होतं: मुदत संपण्याच्या ३० दिवस आधी लेखी कळवलं नाही, तर करार आपोआप एक वर्ष वाढेल आणि त्या वेळचा दर लागेल. दर विचारला तर निघाला ६,५०० रुपये! म्हणजे शेवटची तारीख १४ जुलै नव्हतीच, १४ जून होती. हातात दोनच दिवस उरले होते.

ताई म्हणाली, "ऑटोपे बंद करते, झालं." पण इथेच बऱ्याच जणी फसतात. ऑटोपे बंद केल्याने फक्त खात्यातून पैसे कापले जात नाहीत, करार संपत नाही. कंपनी पुढच्या वर्षाचे पैसे मागत राहू शकते. उलट नुसतं पत्र दिलं आणि ऑटोपे चालू ठेवलं, तर पैसे कापले जाऊ शकतात. म्हणून दोन्ही कामं करावी लागतात.

ताईने करारात दिलेल्या ईमेलवर त्याच दिवशी चार ओळी पाठवल्या: करार क्रमांक, दुकानाचं नाव, "१४ जुलैनंतर मुदत वाढवायची नाही", आणि "हे मिळाल्याचं कळवा". टपाल वेळेत पोचेल याची खात्री नव्हती, तरी स्पीड पोस्टने पत्र टाकून पावती जपली. मग पैसे पाठवायच्या ॲपमध्ये 'ऑटोपे' उघडून ती परवानगी रद्द केली आणि पडद्याचा फोटो ठेवला. १३ तारखेला कंपनीचं उत्तर आलं.

एक लक्षात ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे असे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी संदेश यायला हवा. पण १५ हजारांपर्यंतच्या रकमेला दर वेळी पिन लागत नाही, म्हणून तो संदेश न वाचता पुसू नका. आणि तो येतो पैसे कापायच्या वेळी. तोवर कळवायची तारीख कधीच उलटलेली असते.

त्यामुळे सही करतानाच 'नूतनीकरण', 'आपोआप' आणि 'आधी कळवणे' हे शब्द शोधा. कॅलेंडरवर करार संपायची तारीख नको, कळवायची तारीख लिहा, आणि तिच्या आठवडाभर आधी खूण करा. वाद झालाच तर ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर विचारता येतं.