कुंकू काळं दिसतं तेव्हा

जुन्या कौटुंबिक फोटोत रंग भरायला बसलेल्या माणसाची पहिली चूक बहुधा लुगड्यात होते. फोटोत लुगडं काळपट दिसतं म्हणून तो त्यात गडद निळा किंवा गडद हिरवा भरतो, आणि पांढुरकं दिसतं म्हणून मोतिया. करडी छटा जितकी गडद तितका मूळ रंग गडद, असा हा सरळ हिशेब आहे. 1930 च्या आधीच्या फोटोंना तो लागू पडत नाही, कारण तेव्हा फोटोग्राफर ज्या काचेवर फोटो घेत त्या काचेला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे.

सुरुवातीच्या काचांवरचं रसायन फक्त निळ्या-जांभळ्या उजेडाला दाद देई. 1873 मध्ये हेर्मान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला असं आढळलं, की त्यात विशिष्ट रंगद्रव्य मिसळलं तर काच हिरव्या-पिवळ्यालाही दाद देते. या सुधारलेल्या काचांना ‘ऑर्थोक्रोमॅटिक’ म्हणतात. त्यांनाही लाल दिसत नव्हतं. सगळे रंग टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा 1906 पासून विकत मिळू लागल्या, पण स्टुडिओवाल्यांनी जुन्या काचा लगेच टाकल्या नाहीत. लाल उजेड काचेला कळत नाही याचा त्यांना फायदाच होता. डार्करूममध्ये लाल दिवा लावून काच धुताना चित्र किती उमटलंय ते डोळ्यांनी पाहता येई. हौशी लोकांच्या बॉक्स कॅमेऱ्यात पडणारी कोडॅकची व्हेरीक्रोम फिल्म 1931 ची, आणि तीही ऑर्थोच होती. तिची पॅनक्रोमॅटिक आवृत्ती 1956 मध्ये आली.

याचा परिणाम असा, की लाल वस्तू फोटोत काळी येते आणि आकाशी वस्तू पांढरट. माणसांचे चेहरेही प्रत्यक्षापेक्षा सावळे येतात, कारण त्वचेत लाल-पिवळ्याचा अंश मोठा असतो. अनेक घरांत ‘आमचे पणजोबा अगदी काळे होते’ असं सांगतात, त्यातला थोडा काळेपणा काचेचा असतो.

हातातला फोटो कुठल्या काचेवरचा आहे हे ओळखायला मराठी घराकडे एक उत्तम खूण आहे, ती म्हणजे बायकांच्या कपाळावरचं कुंकू. मेणावर दाबून लावलेलं ते लालभडक कुंकू फोटोत शाईच्या ठिपक्यासारखं काळंभोर दिसत असेल, तर काच लालला आंधळी होती असं समजायला हरकत नाही. ते मधल्या करड्या छटेचं दिसत असेल, तर फोटो पॅनक्रोमॅटिक फिल्मवरचा आणि बहुधा नंतरच्या काळातला. ओठ पाहूनही पडताळा घेता येतो. ऑर्थो काचेवर ते विडा न खाताही काळे पडलेले दिसतात.

आता एक नमुना घेऊ. पुण्यातल्या एखाद्या पेठेतलं ब्राह्मण कुटुंब आहे, फोटो स्टुडिओतला आहे आणि मागे साल लिहिलेलं नाही. मध्ये खुर्चीवर पगडी घातलेले म्हातारे गृहस्थ, शेजारी डोक्यावरून पदर घेतलेली त्यांची वृद्ध वहिनी. मागे धाकटा मुलगा लांब कोट आणि गांधी टोपीत, त्याची बायको नऊवारीत, पुढे जमिनीवर परकर-पोलक्यातली मुलगी. गांधी टोपीवरून फोटो 1920 नंतरचा ठरतो, कारण असहकाराच्या चळवळीतच ती घरोघर पोचली. सुनेच्या अंगावर नऊवारीच आहे. शहरातल्या तरुण बायका गोल पाचवारी नेसू लागल्या त्या साधारण तिसाच्या आणि चाळिसाच्या दशकांत, म्हणून फोटो त्याआधीचा असण्याचा संभव जास्त. तेवढ्यावरून वर्ष कळत नाही, पण विसाचं दशक धरून पुढे जाता येतं. कुंकू काळंभोर आहे, त्यामुळे काचही ठरली.

पगडी काळी दिसते. पुणेरी पगडी बहुधा लाल असे, आणि कुंकू नि पगडी एकाच काळ्या छटेत असतील तर ती लालच धरावी. याउलट एखाद्याच्या डोक्यावर गोल काळी टोपी असेल, तर ती काळीच होती. काचेने दोघींना एकाच रंगात आणून ठेवलं आहे. त्यांच्यातला फरक करड्या छटेवरून कळत नाही, तो वस्तूच्या आकारावरून आणि रिवाजावरून कळतो.

खरी परीक्षा त्या वृद्ध वहिनीच्या वस्त्राची. ते काळं दिसतं आणि त्याला काठ नाही. हातात बांगड्या नाहीत, कपाळ मोकळं आहे, चोळी दिसत नाही, पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला आहे. आजचा रंगवणारा इथे बिनधास्त काळा ठेवतो, कारण शोक म्हणजे काळा रंग ही पाश्चात्त्य समजूत त्याच्या डोक्यात असते. पण केशवपन केलेल्या ब्राह्मण विधवेला त्या काळी काळं नव्हे, तर लाल किंवा पांढरं बिनकाठी वस्त्र नेसावं लागे. त्या लाल वस्त्राला आलवण म्हणत, आणि आलवणाचा विटकरी-लाल रंग ऑर्थो काचेवर नेमका असाच काळा उमटतो. घरातल्यांना कधी कधी हे नको असतं. ‘आजीला छान हिरवं लुगडं द्या ना’ अशी मागणी येते. माझं मत सरळ आहे: फोटो हिरवा करायचा असेल तर करा, पण मग त्याला त्या काळचा रंग म्हणू नका.

सुनेचं लुगडंही गडद आहे, पण तिला कुंकू, नथ आणि हातभर चुडा आहे. सवाष्ण बाई घरच्या चांगल्या प्रसंगी काळं नेसत नसे. अपवाद संक्रांतीच्या काळ्या चंद्रकळेचा. तेव्हा लाल, डाळिंबी किंवा जांभळट रंगांचा विचार आधी करावा. पदरावर गडद जमिनीत पांढऱ्या, देवळाच्या शिखरांसारख्या आकृत्या दिसत असतील, तर ते इरकली लुगडं आहे. कर्नाटकातल्या इळकलच्या या लुगड्याचा पदर परंपरेने लाल, त्यावर पांढरी नक्षी. इथे एका तपशिलावरून अख्खा पदर निश्चित होतो आणि अंगाचा रंग तेवढा शोधायचा उरतो.

तो शोधायला कपाट आणि माळा धुंडाळावा. जुनं लुगडं जपून ठेवलेलं नसलं तरी त्याची गोधडी झालेली असते. गोधडीची शिवण अलगद उसवून आतली घडी पाहिली, तर उन्हा-पाण्यापासून वाचलेला मूळ रंग मिळतो. वरचा विटलेला रंग घेऊ नये. घरातल्या वयस्कर माणसांना ‘लुगडं कुठल्या रंगाचं होतं?’ असं विचारलं तर उत्तर बहुधा हिरवं येतं. ‘सणाला काय नेसायची, रोजचं काय होतं, काठ कसा होता?’ असं विचारावं, म्हणजे आठवण निघते. आणि घरात हाताने रंगवलेला जुना फोटो असला, तर त्याला पुरावा मानू नये. स्टुडिओतला रंगारी लुगड्याला त्याच्या डब्यात असलेला रंग देत असे.

मनात आलेला रंग काचेवर कसा दिसला असता, हे संगणकावर तपासता येतं. गोधडीतल्या कापडाचा रंगीत फोटो घ्या. फोटोशॉपमध्ये `Channel Mixer` उघडून `Monochrome` वर खूण करा आणि Red 0, Green 40, Blue 60 असे आकडे ठेवा. ही ऑर्थो काचेची ढोबळ नक्कल झाली. विटकरी लालचं उदाहरण पाहा: लाल 140, हिरवा 40, निळा 30. आपल्या डोळ्याला त्याचा उजेड साधारण 69 वाटतो, पण या नकलेत तो 34 वर येतो, म्हणजे निम्मा. आकाशी रंगाचं उलट होतं: 120, 160, 210 चा उजेड साधारण 154, नकलेत 190. धोतराचा आकाशी काठ फोटोत नाहीसा का होतो, ते इथे कळतं. निघालेली छटा फोटोतल्या लुगड्याच्या छटेशी जुळली, तर रंग शक्य आहे एवढंच सिद्ध होतं. गडद हिरवाही तीच छटा देऊ शकतो. जुळली नाही तर मात्र तो रंग बाद करता येतो, आणि ही चाचणी मुख्यतः त्यासाठीच उपयोगाची. आधी कुंकवाच्या लालवर चाचणी घ्यावी आणि ते फोटोतल्याइतकं काळं येईपर्यंत हिरव्या-निळ्याचे आकडे थोडे हलवावेत.

रंग भरताना याच गोष्टीमुळे आणखी एक अडचण येते. फोटो 600 डीपीआयवर स्कॅन करून, त्याचा पिवळटपणा काढून, वर नवा लेयर घेतात आणि त्याचा मोड `Color` ठेवतात. हा मोड खालच्या चित्राचा उजेड तसाच ठेवून फक्त रंग चढवतो. पण आलवणाचा उजेडच निम्म्यावर आलेला असतो. त्यावर कितीही लाल ओता, काळपट तपकिरीच दिसतं. मग माणूस वैतागून अधिकाधिक भडक लाल घेतो आणि सगळं बिघडतं. त्याऐवजी आधी लुगड्याचा भाग निवडून `Curves` ने त्याचा उजेड वर आणावा, वरच्या उदाहरणातल्या 34 ला 69 च्या आसपास, आणि मग रंग द्यावा. चेहऱ्यांनाही थोडा उजाळा लागतो, पण फारच थोडा. या वाढीची मर्यादा काचेवर तपशील किती टिकला आहे त्यावर ठरते. चुण्या दिसेनाशा झाल्या किंवा दाणे उमटू लागले, की तिथेच थांबावं.

पांढरं कापड सोपं वाटतं आणि तिथेच फोटो नकली दिसू लागतो. धोतर शुद्ध पांढरं करू नये. आजच्या साबणातली चकाकी देणारी द्रव्यं तेव्हा नव्हती. धुतलेल्या धोतराला नीळ दिलेली असे, म्हणून सावलीच्या बाजूला किंचित निळसर छटा चालते. खादीची टोपी मात्र पिवळसरच ठेवावी. जरीच्या काठाला सपाट पिवळा देऊ नये. जिथे उजेड पडला आहे तिथे फिका सोनेरी, बाकी ठिकाणी मातकट तपकिरी. मागचा रंगवलेला पडदा करडाच राहू द्यावा.

काम संपल्यावर मूळ स्कॅन वेगळा ठेवतात, आणि रंगीत प्रतीच्या मागे पेन्सिलने प्रत्येक कपड्याबद्दल एक ओळ लिहितात. या नमुन्यापुरतं ते असं होईल: सुनेचा पदर नक्षीवरून, अंगाचा रंग गोधडीवरून, पगडी आणि आलवण रिवाज व काचेवरून, मुलीचा परकर अंदाजाने.