आईच्या कार्डासाठी चार ओळी आणि एक डबा

मातृदिनाच्या कार्डावर पहिली-दुसरीतल्या मुलाला स्वतः लिहिता येईल अशी कविता चार ओळींपेक्षा मोठी नसावी. या वयाच्या मुलाला काना, मात्रा, वेलांटी आणि उकार लिहिता येतात. जोडाक्षराशी मात्र हात अडखळतो. म्हणून ‘प्रेम’, ‘स्वयंपाक’, ‘माझ्यासाठी’ असे शब्द बाजूला ठेवावे लागतात. त्यांच्याविना कविता होते, हे पुढच्या ओळींवरून दिसेल.

सकाळीच उठे आई,
डबा करायची घाई.
शाळेत तो उघडला,
मला आठवली आई.

या चार ओळींत एकही जोडाक्षर नाही. प्रत्येक ओळीत आठ अक्षरे आहेत. मराठीत हा अष्टाक्षरी छंद जुना आहे आणि मुलांच्या कानाला तो ओळखीचा असतो. मुलाला छंद शिकवण्याची गरज नाही. एका अक्षराला एक टाळी वाजवत ओळ म्हणायची आणि टाळ्या मोजायच्या. कुठे नऊ झाल्या किंवा सातच भरल्या, तर तिथे एखादा शब्द बदलायचा. यमकही एकच ठेवले आहे: ‘आई’ आणि ‘घाई’. तिसरी ओळ मोकळी सोडल्यामुळे यमकासाठी शब्द शोधत बसावे लागत नाही.

कवितेचा मजकूर मुलाकडूनच यायला हवा. ‘आईबद्दल काहीतरी सांग’ म्हटले की मूल ऐकलेलेच सांगते: आई छान आहे, आई गोड आहे. त्याऐवजी तीन प्रश्न एकेक करून विचारावेत. आई रोज काय करते? ते तुला कुठे दिसते? तेव्हा तू काय करतोस किंवा तुला काय वाटते? पहिल्या उत्तरातून पहिल्या दोन ओळी मिळतात, दुसऱ्यातून तिसरी आणि तिसऱ्यातून चौथी. वरची कविता याच क्रमाने बांधलेली आहे.

घराघरांत उत्तरे वेगळी येणार. आई कामावरून उशिरा घरी येत असेल, तर मुलगी असे लिहू शकेल:

सायंकाळी येते आई,
मला धावायची घाई.
दार मीच उघडते,
मग आत येते आई.

मुलगा लिहीत असेल तर ‘उघडते’च्या जागी ‘उघडतो’ येईल. टाळ्या तेवढ्याच राहतात.

चित्राची सूचनाही अशीच नेमकी हवी. ‘आईचे चित्र काढ’ म्हटल्यावर लहान मूल बहुधा ठरलेली बाहुली काढते. ‘आईने भरलेला डबा उघडा काढ. आज त्यात काय काय आहे?’ असे विचारले, तर पोळीची घडी, भेंडीची भाजी, कोपऱ्यातली लिंबाची फोड असे तपशील कागदावर येतात. दुसऱ्या कवितेसाठी सूचना अशी देता येईल: ‘दार उघडल्यावर आई कशी दिसते? तिच्या हातात काय आहे?’

डब्याच्या कवितेचे कार्डही डब्यासारखे उघडते. ए-४ आकाराचा जाड कागद आडवी घडी घालून अर्धा करावा आणि घडी वरच्या बाजूला ठेवावी. बाहेर डब्याचे झाकण काढावे. कार्ड उघडले की आत खालच्या भागात भरलेला डबा आणि वरच्या भागात कविता. कवितेसाठी पेन्सिलीने दोन-दोन सेंटिमीटरवर फिकट रेघा आखून द्याव्यात. या वयात अक्षर मोठे येते. स्केचपेनची शाई पातळ कागदातून पलीकडे उमटते, आणि तेलखडूचा रंग कार्ड मिटले की समोरच्या पानाला लागतो. म्हणून आतल्या चित्राला रंगीत पेन्सिली बऱ्या.

आधी चित्र काढू द्यावे आणि लिहायचे काम नंतर. चित्र काढताना मूल बोलत असते आणि कवितेचे शब्द त्या बोलण्यात सापडतात. ते मोठ्यांनी कच्च्या कागदावर टिपून घ्यावेत, टाळ्या मोजून मुलाबरोबर जुळवावेत आणि मग मुलाने कार्डावर उतरवावेत.

कविता मुलाची झाली की मोठ्यांची, हे ओळखण्याची सोपी रीत आहे. मुलाला ती कोणी न सांगता वाचायला लावावी. ज्या शब्दावर ते थबकते, तो शब्द त्याचा नव्हे, तो बदलावा. ‘सकाळिच’ अशी ऱ्हस्व वेलांटी पडली, तर मात्र ती राहू द्यावी. खाडाखोड करून शुद्ध केलेल्या ओळीत मुलाचे अक्षर उरत नाही.

हे कार्ड मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी देता येते. तेव्हा महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळांना सुट्टी असते, त्यामुळे ते घरीच, बाबा, आजी किंवा मोठ्या भावंडाच्या मदतीने होते. श्रावणातल्या पिठोरी अमावास्येलाही महाराष्ट्रात मातृदिन असतो. त्या वेळी शाळा चालू असते, डबा रोजचा असतो आणि वर्गात बसूनही कार्ड करता येते.