आजारपणाचा खर्च आणि खिशातला पैसा : 2004 ते 2022 या काळाचा मागोवा

भारतात आजारपणावर होणाऱ्या एकूण खर्चापैकी जो भाग रुग्ण किंवा त्याचे कुटुंब उपचाराच्या वेळी स्वतः चुकते करते आणि ज्याची भरपाई सरकार, विमा कंपनी किंवा मालक करत नाही, त्याला आरोग्याच्या अर्थशास्त्रात खिशातून होणारा खर्च म्हणतात. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार 2004-05 मध्ये हा वाटा 69.4 टक्के होता, 2013-14 मध्ये तो 64.2 टक्क्यांवर आला आणि 2021-22 मध्ये 39.4 टक्के इतका नोंदला गेला. पहिल्या नऊ वर्षांत जेमतेम पाच टक्के-बिंदूंनी घटलेला आकडा पुढच्या आठ वर्षांत पंचवीस टक्के-बिंदूंनी खाली आला, आणि ही घसरण कशामुळे झाली, किती खरी आणि कोणासाठी, हे तपासल्याशिवाय या दोन दशकांचा मागोवा पुरा होत नाही.

या काळात आलेल्या सरकारी विमा योजनांचे लक्ष रुग्णालयातील खाटेवर होते, कारण गरीब कुटुंबाला कर्जात ढकलणारा प्रसंग म्हणजे मोठी शस्त्रक्रिया, असा सर्वसाधारण समज होता. आंध्र प्रदेशाने 2007 मध्ये आरोग्यश्री योजना आणली. केंद्राने 2008 मध्ये राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेद्वारे दारिद्र्यरेषेखालील पाच जणांच्या कुटुंबाला वर्षाला 30,000 रुपयांचे संरक्षण दिले. महाराष्ट्रात 2 जुलै 2012 रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली आणि नोव्हेंबर 2013 पासून ती राज्यभर लागू झाली. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेवरील कुटुंबाला वर्षाला दीड लाखांपर्यंत, तर मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी अडीच लाखांपर्यंत उपचार तीत मिळत. योजनेतील रुग्णालयाच्या काउंटरवर आरोग्यमित्र बसे. तो शिधापत्रिका पाहून रुग्णाची नोंद करी, रुग्णालय ठरलेल्या पॅकेजच्या दराने पूर्वमंजुरी मागे, आणि मंजुरी आली की बिल रुग्णाच्या हाती पडत नसे. पुढे 2017 मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले, 2020 मध्ये ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडली गेली, आणि 2023 मध्ये पाच लाखांची मर्यादा व सर्व शिधापत्रिकाधारकांचा समावेश असा निर्णय झाला.

या योजनांनी हृदयाच्या किंवा कर्करोगाच्या उपचारांत असंख्य कुटुंबांना आधार दिला, यात शंका नाही. मात्र त्यांच्या रचनेतच एक मर्यादा होती. पूर्वमंजुरी मिळण्याआधी निदानासाठी केलेल्या तपासण्या, दाखल होईपर्यंतच्या फेऱ्या आणि पॅकेजमध्ये धरलेले काही दिवस संपल्यावर लागणारी औषधे हे सारे बहुधा रुग्णाच्याच अंगावर राहिले. ही बाब किरकोळ नव्हती. 2011-12 च्या सर्वेक्षणावर आधारलेल्या एका अभ्यासानुसार त्या वर्षी आरोग्यखर्चामुळे सुमारे साडेपाच कोटी लोक दारिद्र्यरेषेखाली ढकलले गेले आणि त्यांपैकी 3 कोटी 80 लाख लोकांच्या बाबतीत एकट्या औषधांचा खर्च त्याला पुरेसा ठरला. म्हणजे ज्या दाराने पैसा सर्वांत जास्त बाहेर पडत होता, त्या दाराकडे विम्याचे लक्षच नव्हते.

हे नीट समजण्यासाठी आपत्तीजनक आरोग्यखर्च ही संकल्पना पाहावी लागते. कुटुंबाच्या एकूण उपभोग-खर्चाच्या दहा किंवा पंचवीस टक्क्यांहून अधिक रक्कम आरोग्यावर गेली, तर तो खर्च आपत्तीजनक धरावा, असा शाश्वत विकास उद्दिष्टांत दीर्घकाळ वापरला गेलेला निकष आहे. दुसऱ्या पद्धतीत अन्नासारख्या मूलभूत गरजा भागवून उरलेल्या रकमेच्या चाळीस टक्के ही सीमा मानली जाते. उदाहरणादाखल महिना 12,000 रुपये, म्हणजे वर्षाला 1,44,000 रुपये खर्च करणारे कुटुंब घेतले, तर दहा टक्क्यांची सीमा 14,400 रुपयांवर येते. या घरातील मधुमेह आणि रक्तदाब असलेल्या व्यक्तीच्या औषध-तपासण्यांना महिना 1,500 रुपये लागले, तर वर्षाकाठी 18,000 रुपये होतात आणि कोणीही रुग्णालयात दाखल न होता सीमा ओलांडली जाते. त्याच घरातील दुसऱ्या व्यक्तीची हृदयशस्त्रक्रिया योजनेतून विनामूल्य झाली, तरी हा आकडा एका रुपयानेही कमी होत नाही. उलट मूलभूत गरजांनंतर वर्षाला 72,000 रुपये उरतात असे मानले, तर दुसऱ्या पद्धतीची सीमा 28,800 रुपये होते आणि तेच कुटुंब सुरक्षित गटात मोजले जाते. तिसरी शक्यता अधिक गंभीर आहे : याच घराने औषधे मध्येच बंद केली, तर खर्च शून्यावर येतो आणि दोन्ही मोजपट्ट्यांवर परिस्थिती सुधारल्यासारखी दिसते.

ही शेवटची शक्यता केवळ तात्त्विक नाही, कारण 2013-14 नंतरच्या घसरणीचा बराच भाग नेमका अशा मोजमापावर उभा आहे. आरोग्य लेख्यांत कुटुंबाच्या खर्चाचा अंदाज राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणावरून घेतला जातो; त्यात रुग्णालयातील उपचारांबद्दल मागील 365 दिवसांची आणि इतर आजारांबद्दल मागील 15 दिवसांची माहिती विचारतात. 2014 च्या फेरीत पंधरा दिवसांत आजारी असल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण ग्रामीण भागात 8.9 आणि शहरी भागात 11.8 टक्के होते. 2017-18 च्या फेरीत ते अनुक्रमे 6.8 आणि 9.1 टक्क्यांवर आले. चार वर्षांत लोक एवढे निरोगी झाले, असे मानण्यास फारसा आधार नाही. नोटाबंदीनंतरच्या आर्थिक ओढाताणीत लोकांनी उपचार पुढे ढकलले असावेत किंवा नोंदणीत फरक पडला असावा, अशा शंका टीकाकारांनी घेतल्या आहेत आणि त्या सहज बाजूला सारता येत नाहीत. पुढच्या वर्षांचे आकडे मुख्यतः याच फेरीच्या पायावर पुढे वाढवून काढलेले असल्यामुळे 2021-22 चे 39.4 टक्के हे आयुष्मान भारत सुरू होण्यापूर्वीच्या घरगुती माहितीवर बेतलेले आहेत.

याचा अर्थ संपूर्ण घसरण आभासी आहे, असा मात्र नव्हे. याच काळात एकूण आरोग्यखर्चातील सरकारचा वाटा 28.6 टक्क्यांवरून 48 टक्क्यांवर गेला. त्यात कोविडकाळातील वाढीव खर्चाचा हिस्सा मोठा असला, तरी सगळी वाढ तेवढ्याने समजावता येत नाही. खरा फरक जिथे पडला, तिथे तो बऱ्याचदा विम्यापेक्षा औषधांच्या पुरवठ्याने पडला. तामिळनाडूने नव्वदच्या दशकात राज्य पातळीवर औषधखरेदी एकत्र करणारे महामंडळ उभारले आणि राजस्थानाने 2011 मध्ये सरकारी दवाखान्यांत मोफत औषधे सुरू केली. महाराष्ट्रात खरेदीची व्यवस्था वारंवार बदलत राहिली; 2017 मध्ये ती हाफकिन महामंडळाकडे गेली आणि 2023 मध्ये स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा झाला. ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरसह सर्व उपचार निःशुल्क करण्यात आले, ही योग्य दिशेने पडलेली पावले होत. पण केसपेपर फुकट आणि गोळ्या बाहेरून, अशी अवस्था राहिली तर या निर्णयाचा लाभ फार मर्यादित ठरतो.

सार्वत्रिक आरोग्य संरक्षण, म्हणजे प्रत्येकाला गरजेच्या सेवा आर्थिक हानीशिवाय मिळणे, यासाठी 2011 मध्ये के. श्रीनाथ रेड्डी यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय तज्ज्ञ गटाने 2017 पर्यंत सार्वजनिक आरोग्यखर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याची शिफारस केली होती. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने तेच उद्दिष्ट 2025 पर्यंत पुढे ढकलले आणि आपत्तीजनक खर्च सोसणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण एक चतुर्थांशाने घटवण्याचे वचनही जोडले. 2021-22 मध्ये, कोविडचा खर्च धरूनही, सार्वजनिक आरोग्यखर्च 1.84 टक्क्यांवर होता. रुग्णालयातील मोठ्या उपचारांपुरते संरक्षण या काळात मोठ्या लोकसंख्येपर्यंत पोहोचले. रोजच्या गोळ्या आणि तपासण्यांचा खर्च मात्र बहुतांश कुटुंबांच्या खिशावरच राहिला.