किती मागवावे, केव्हा मागवावे : हार्डवेअरच्या घाऊक पेढीतील साठ्याचे गणित

मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या बोहरी आळीत हार्डवेअरचा घाऊक व्यापार करणाऱ्या पेढीत बिजागऱ्या, कड्या, कुलुपे, स्क्रू, वॉशर असे हजारभर प्रकार सहज असतात, आणि त्यांतील प्रत्येकाबाबत एका वेळी किती माल मागवायचा व तो पुन्हा केव्हा मागवायचा हे दोन निर्णय वारंवार घ्यावे लागतात. हे निर्णय सोपे करण्यासाठी सर्वच मालाचा सरसकट दोन महिन्यांचा साठा ठेवण्याचा ठोकताळा वापरला जातो. वरकरणी तो समंजस वाटला, तरी महाग मालात गरजेपेक्षा जास्त भांडवल आणि स्वस्त मालात गरजेपेक्षा जास्त श्रम अडकवण्याचा दोष त्यात आहे.

एका खेपेत किती माल मागवावा याचे उत्तर फोर्ड हॅरिस या अमेरिकी अभियंत्याने १९१३ साली ‘फॅक्टरी’ या मासिकातील लेखात मांडले. त्यालाच पुढे इकॉनॉमिक ऑर्डर क्वांटिटी, म्हणजे किफायतशीर खरेदी-परिमाण, हे नाव मिळाले. खरेदीमागे परस्परविरोधी असे दोन खर्च असतात. पहिला ऑर्डरचा खर्च, ज्यात पाठपुरावा, बिल्टी सोडवणे, हमाली, माल मोजून घेणे आणि बिलाची नोंद हे सर्व येते व जो ऑर्डर लहान असो वा मोठी, जवळजवळ तेवढाच राहतो. दुसरा साठवणुकीचा खर्च, ज्यात अडकलेल्या पैशावरील व्याज, गोदामाची जागा, विमा, गंज आणि तूट यांचा समावेश होतो व जो साठ्याच्या प्रमाणात वाढतो. थोडा माल वारंवार मागवल्यास पहिला खर्च वाढतो, तर एकदम पुष्कळ मागवल्यास दुसरा. दोहोंची बेरीज जेथे सर्वांत कमी होते ते किफायतशीर परिमाण होय. ते काढण्यासाठी वर्षाच्या खपाला एका ऑर्डरच्या खर्चाने गुणून दुप्पट करावे, त्याला एक नग वर्षभर साठवण्याच्या खर्चाने भागावे आणि आलेल्या संख्येचे वर्गमूळ घ्यावे.

उदाहरणादाखल एका कल्पित पेढीत मॉर्टाइस कुलपाचे वर्षाला ३,६०० संच खपतात, खरेदीचा भाव ८०० रुपये आहे, एका ऑर्डरचा खर्च ५०० रुपये आहे आणि साठवणुकीचा वार्षिक खर्च किमतीच्या २० टक्के, म्हणजे संचामागे १६० रुपये आहे, असे धरू. सूत्राने परिमाण १५० संच येते. तेवढेच मागवल्यास वर्षात २४ ऑर्डरी जातात व त्यांचा खर्च १२,००० रुपये होतो, तर सरासरी ७५ संच शिल्लक राहत असल्याने साठवणुकीचा खर्चही १२,००० रुपयेच होतो. दोन महिन्यांच्या ठोकताळ्याने एका वेळी ६०० संच मागवले, तर ऑर्डरींवर केवळ ३,००० रुपये जातात, पण साठवणुकीवर ४८,००० रुपये पडतात, म्हणजे २४,००० रुपयांत होणाऱ्या कामाला ५१,००० रुपये लागतात.

आता त्याच पेढीतील ६० रुपये भावाचे वॉशरचे पाकीट घेऊ, ज्याचा वर्षाचा खप २४० पाकिटे आहे. खर्चाचे दर तेच ठेवल्यास सूत्र १४१ पाकिटे, म्हणजे सुमारे सात महिन्यांचा माल, एकदम मागवायला सांगते. येथे दोन महिन्यांचा ठोकताळा उलट बाजूने चुकतो, कारण ४० पाकिटांच्या सहा ऑर्डरींना एकूण ३,२४० रुपये लागतात, तर सूत्राप्रमाणे सुमारे १,७०० रुपये पुरतात.

हजार प्रकारांपैकी कोणाकडे किती लक्ष द्यावे हे ठरवण्यासाठी एबीसी वर्गीकरण वापरतात, जे जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील फोर्ड डिकी यांनी १९५१ मधील लेखातून मांडले. प्रत्येक प्रकाराचा वार्षिक खप खरेदीच्या भावाने गुणून त्याचे वार्षिक मूल्य काढायचे, यादी उतरत्या क्रमाने लावायची आणि वरून बेरीज करत जायचे. एकूण मूल्याच्या साधारण ७० टक्क्यांपर्यंतचे प्रकार ‘ए’, पुढील २० टक्क्यांतील ‘बी’ आणि उरलेले ‘सी’ गटात जातात. ‘ए’ गटात थोडेच प्रकार येतात आणि ‘सी’ गटाची यादी सर्वांत लांब असते.

या दोन पद्धती वेगळ्या शिकवल्या जात असल्या, तरी त्यांचे मूळ एकच आहे. परिमाणाला खपाने भागून ‘किती दिवसांचा माल’ हे काढले, तर ऑर्डरचा खर्च व साठवणुकीचा दर सारखे असताना ते दिवस केवळ वार्षिक मूल्यावर, आणि तेही त्याच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात, अवलंबून राहतात. कुलपाचे वार्षिक मूल्य २८,८०,००० रुपये आहे व वॉशरचे १४,४०० रुपये, म्हणजे कुलपाचे मूल्य वॉशरच्या २०० पट आहे. २०० चे वर्गमूळ सुमारे १४ असल्याने वॉशरचा माल २१५ दिवसांचा, तर कुलपाचा केवळ १५ दिवसांचा घ्यावा लागतो. त्यामुळे प्रत्येक नगासाठी सूत्र न मांडताही ‘ए’ माल पंधरवड्याने, ‘बी’ माल दोन-तीन महिन्यांनी आणि ‘सी’ माल सहामाहीने, असे वेळापत्रक पेढीला बांधता येते.

अशी ढोबळ विभागणी चालते, कारण किफायतशीर परिमाणाच्या आसपास एकूण खर्च फारसा बदलत नाही. कुलपे १५० ऐवजी २०० मागवली तरी खर्च २४,००० वरून २५,००० रुपयांवर जातो, त्यामुळे परिमाण पूर्ण खोक्यांच्या हिशेबात बसवण्यास हरकत नसते. कारखानदार ३०० संचांवर तीन टक्के सूट देत असेल, तर मात्र वेगळा हिशेब करावा लागतो. ऑर्डर व साठवणूक यांचा खर्च २९,२८० रुपयांपर्यंत वाढतो, पण वर्षाच्या खरेदीत ८६,४०० रुपये वाचतात, म्हणून येथे सूत्र बाजूला ठेवून सूट घेणेच फायद्याचे ठरते.

‘केव्हा’ या प्रश्नाचे उत्तर पुनर्मागणी पातळीने मिळते. माल येईपर्यंतचा खप आणि उशिरासाठीचा राखीव साठा यांची ती बेरीज असते. वर्षात ३०० कामाचे दिवस धरल्यास कुलपे रोज १२ खपतात. अलीगढहून माल यायला कामाचे १५ दिवस लागत असतील व राखीव साठा ६० असेल, तर ही पातळी २४० येते. पण एका ऑर्डरीत १५० संचच येत असल्याने माल उतरल्यावरही गोदामात साधारण २१० संच असतात, आणि केवळ गोदामातील शिल्लक पाहणारा कारकून ती कायम पातळीखाली दिसते म्हणून ऑर्डरीवर ऑर्डर देत राहतो. म्हणून पातळीशी तुलना करताना गोदामातील मालात वाटेवरचा मालही मिळवावा लागतो.

सूत्राची गृहीतके सुटली की उत्तरही बदलते. वॉशर दुसऱ्या मालाबरोबर त्याच टेम्पोतून येत असतील व त्यांच्यामुळे वाढणारा खर्च ५० रुपयेच असेल, तर सात महिन्यांऐवजी सव्वादोन महिन्यांचा माल पुरेसा ठरतो. पावसाळ्यात बांधकामे मंदावत असल्याने वार्षिक खपाऐवजी त्या हंगामाच्या वेगाने हिशेब करावा लागतो. वर्गीकरण केवळ मूल्य पाहते, म्हणून ज्या स्क्रूविना बिजागरी विकली जात नाही तो स्क्रूही ‘सी’ गटात पडतो; अशा मालाचा राखीव साठा भरपूर ठेवणे स्वस्त पडते. खपच थांबलेला माल ‘सी’ यादीच्या तळाशी दडतो, तेव्हा शेवटच्या विक्रीच्या तारखेची यादी वेगळी काढावी लागते. ‘ए’ गटातील माल महिन्याहून अधिक पुरेल इतका साठला असेल आणि त्याच वेळी ‘सी’ गटातील नग संपल्यामुळे गिऱ्हाइके परत जात असतील, तर पेढी अजूनही सरसकट ठोकताळ्यानेच खरेदी करत आहे, असे समजावे.