बिघडतात ते नेहमी दुसरेच

दुसऱ्या महायुद्धात इवो जिमा बेटावर अमेरिकेची एक तुकडी होती. सैनिक कृष्णवर्णीय, अधिकारी गोरे. जपान्यांनी विमानातून पत्रकं टाकली. ही गोऱ्यांची लढाई आहे, तुम्ही कशाला मरता, शरण या किंवा निघून जा, असा त्यांचा आशय. दुसऱ्याच दिवशी तुकडी मागे घेतली गेली. सैनिकांवर पत्रकांचा काही परिणाम झाल्याचा पुरावा मात्र सापडत नाही. धास्तावले ते अधिकारी, आणि तेही ‘सैनिकांवर परिणाम होईल’ या कल्पनेनं.

कोलंबिया विद्यापीठातल्या डब्ल्यू. फिलिप्स डेव्हिसन यांनी १९८३ साली हा किस्सा सांगून एका सिद्धान्ताला नाव दिलं: तृतीय पुरुष परिणाम. माझ्यावर नाही, तुझ्यावरही फारसा नाही, पण ‘त्यांच्यावर’ माध्यमांचा वाईट परिणाम नक्की होतो, असं माणसं धरून चालतात. स्वतःला शहाणं समजण्याची हौस हे त्याचं एक कारण मानलं जातं. ‘ते’ जितके दूरचे, तितके ते भोळे वाटतात, असंही बऱ्याच पाहण्यांत दिसलं आहे.

हे तपासायचं कसं? समजा, एका महाविद्यालयातले ३०० विद्यार्थी चिठ्ठ्या टाकून निवडले. निवडणुकीतल्या चिखलफेकीच्या जाहिरातीचा परिणाम किती होतो, हे त्यांनी १ ते ७ या मापावर सांगायचं: आधी स्वतःवर, मग याच महाविद्यालयातल्या इतरांवर. निम्म्यांना हेच प्रश्न उलट क्रमानं द्यायचे, म्हणजे फरक केवळ क्रमामुळे पडला का, ते कळतं.

‘इतर’ कोण, हे ठरवण्यातच खरी मेख आहे. ‘सामान्य जनता’ असं विचारलं आणि फरक आला, तरी विद्यार्थी चुकले असं म्हणता येत नाही; जनता कदाचित खरोखरच जास्त बहकत असेल. पण इतर म्हणजे याच महाविद्यालयातले विद्यार्थी असतील, तर पळवाट उरत नाही. समजा, स्वतःबद्दलची सरासरी २.५ आली आणि इतरांबद्दलची ४.५. माणसं तीच, मग दोन्ही आकडे खरे कसे असतील? कुठला खोटा, हे मात्र यावरून ठरत नाही. त्यासाठी निम्म्यांना जाहिरात दाखवून, निम्म्यांना न दाखवता, उमेदवाराबद्दलचं मत मोजावं लागेल.

शेवटी विचारायचं, अशा जाहिरातींवर बंदी हवी का? इतरांची काळजी जास्त वाटणारे बंदीकडे झुकतात का, हे तपासायचं. इवो जिमावरच्या अधिकाऱ्यांचं तसंच झालं होतं. सोबत हेल्मेट वापरण्याचं आवाहन करणारी एक जाहिरातही ठेवावी. चांगल्या संदेशाचा परिणाम झाला हे कबूल करायला कुणी लाजत नाही, त्यामुळे तिथे फरक घटायला, कधी उलटायलाही हवा. तो तेवढाच राहिला, तर विद्यार्थी विचार न करता ‘इतरां’पुढे मोठे आकडे भरत सुटलेत, अशी शंका घ्यावी.